टीमचा करारनामा: संवाद, निर्णय आणि मतभेद यांचे नियम कसे लिहावेत

रुग्णसाहित्य केंद्रात भांडणं पैशावरून क्वचित होतात. बहुतेक वेळा ती ‘मला न विचारता शेवटची कॉट दिलीच कशी?’ या प्रश्नावरून पेटतात. दोन कार्यकर्त्यांनी दोन घरांना शब्द दिलेला असतो, कॉट एकच उरलेली असते, आणि दोघांच्याही मनात काही वावगं नसतं. मग कुणी अबोला धरतं, कुणी हळूच केंद्रात येणं बंद करतं. मागे वळून पाहिलं तर स्वभावाचा दोष फारसा सापडत नाही. शेवटची वस्तू कुणी द्यायची आणि देण्याआधी कुणाला विचारायचं, एवढंच ठरलेलं नसतं.

हे आधी ठरवून, सगळ्यांनी मिळून लिहिलेली दोन पानं म्हणजे टीम चार्टर. या लेखात मी त्याला करारनामा म्हणेन. तो कसा लिहायचा हे दाखवायला मी इंदूरच्या सुदामानगरातलं एक केंद्र रचलं आहे. तळमजल्यावरची एक खोली. डोक्याकडचा आणि पायाकडचा भाग वर करता येणाऱ्या सहा फाउलर कॉट, काही व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, एअर बेड आणि दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. वस्तू अनामत घेऊन द्यायच्या, भाडं नाही. काम करणारी आठ माणसं, वय चोवीसपासून एकाहत्तरपर्यंत. भांडार सांभाळणारे काका सर्वांत ज्येष्ठ. हिशेब ताईंकडे. समन्वयाचं काम एका दादाकडे. टेम्पो आणि दुरुस्ती बघणारा सहकारी हिंदीभाषक आहे, मराठी त्याला समजते पण भरभर बोललेली नाही. बाकीचे आळीपाळीनं केंद्रात बसतात, त्यांत कॉलेज नुकतंच संपवलेली एक मुलगी आहे.

केंद्र ज्या मंडळाचं आहे ते मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेलं असेल, तर त्याची नियमावली असतेच. करारनामा तिची जागा घेत नाही. सभासद कोण, निवडणूक कधी, बँकेत सह्या कुणाच्या हे नियमावलीत राहील. रोजच्या कामात आठ माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, एवढाच करारनाम्याचा विषय. दोन्हींत विसंगती आली तर नियमावली खरी, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकावं.

बैठकीआधी: अडलेली कामं गोळा करा

बरेच करारनामे पहिल्या बैठकीत बिघडतात. फळ्यावर ‘आपली मूल्यं कोणती?’ असं लिहिलं की उत्तरं येतात विश्वास, पारदर्शकता, आदर. यांतल्या कशालाच कुणी नाही म्हणत नाही, म्हणून त्यातून काही ठरतही नाही. सुरुवात अडलेल्या कामांपासून करावी.

समन्वयकानं बैठकीआधीच्या आठवड्यात प्रत्येकाशी वेगळं, वीस मिनिटं बोलावं. तीन प्रश्न पुरतात. गेल्या वर्षभरात कोणतं काम एकाच कारणानं दोनदा अडलं? कोणता निर्णय होऊन गेल्यावर तुम्हाला कळला? आणि कोणत्या वेळी मनात वेगळं असूनही तुम्ही गप्प बसलात? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर चारचौघांत मिळत नाही. आपल्याकडे पंचवीस वर्षांची मुलगी सत्तरीच्या काकांना भर बैठकीत ‘हे चुकतंय’ म्हणणार नाही, आणि तिनं म्हणावं अशी अपेक्षाही धरू नये. खोलीत दोघंच असताना मात्र ती सांगते.

प्रत्येक उत्तर एका चिठ्ठीवर, नाव न घालता लिहायचं. ‘अमुक वागतात’ असं नाही, घडलं ते: ‘कॉन्सन्ट्रेटर दुरुस्तीला गेला हे दारात आलेल्या माणसाकडून कळलं.’ मग चिठ्ठ्यांचे ढीग करा: संवाद, निर्णय, मतभेद. चौथाही ढीग होईल, करारनाम्यानं न सुटणाऱ्या गोष्टींचा. ‘दुपारी बसायला माणूस नाही’ ही माणसांची कमतरता आहे, तिला नियम लावून माणूस मिळत नाही. हा ढीग बाजूला काढून बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. नाहीतर लोक त्याच गोष्टी प्रत्येक कलमात घुसवत राहतात.

नंतर दोन बैठका, प्रत्येकी दीड तासाची, मध्ये आठवडाभराचं अंतर. पहिलीत संवाद आणि निर्णय, दुसरीत मतभेद आणि उजळणी. आठही जण हजर असतील असाच दिवस निवडा. दोघं नसतील तर बैठक पुढे ढकला, कारण जो लिहिताना नव्हता त्याला तो कागद दुसऱ्यांचाच वाटतो. लिहून घेण्याचं काम मंडळाच्या अध्यक्षांकडे किंवा सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडे देऊ नका. ज्याच्या हाती लेखणी, त्याचे शब्द कागदावर उतरतात.

कलम लिहिण्याची कसोटी

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: गेल्या मंगळवारी हे पाळलं गेलं का, याचं उत्तर बाहेरच्या माणसाला हो किंवा नाही असं देता येईल? ‘सर्वांनी मोकळेपणानं संवाद साधावा’ याला असं उत्तर नाही. ‘वस्तू केंद्राबाहेर गेली की देणाऱ्यानं त्याच दिवशी नोंदवहीत ओळ लिहावी’ याला आहे. नोंदवही उघडली की कळतं.

या कसोटीनं निम्मी वाक्यं गळतात. गळू द्या. ‘आदर’ हा शब्द कुणाला हवाच असेल, तर विचारा की आदर नसला की काय घडतं. ‘माझी चूक ग्रुपवर सगळ्यांसमोर काढतात’ असं उत्तर आलं, तर कलम सापडलं: ‘एखाद्याच्या कामातली चूक ग्रुपवर लिहायची नाही, त्याला फोन करायचा.’

संवाद

इथे फार कलमं नकोत. पण ‘तातडीचं’ म्हणजे काय, हे मात्र ठरवलंच पाहिजे. एकासाठी तातडीचं ते दुसऱ्यासाठी सोमवारी बघू, आणि निम्मी चिडचिड इथूनच येते. आपल्या केंद्रात तातडीच्या गोष्टी तीनच ठरल्या: ऑक्सिजनची मागणी किंवा दिलेला कॉन्सन्ट्रेटर बंद पडणं, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सुट्टी मिळणाऱ्या रुग्णासाठी कॉट, आणि दिलेल्या वस्तूमुळे कुणाला इजा होणं. या तिन्हींसाठी फोन, बाकी सगळ्याला संदेश चालेल. रात्री नऊ ते सकाळी सात फक्त त्या आठवड्याच्या पाळीवाल्याला फोन करायचा. त्यानं उचलला नाही तर पुढच्या आठवड्याच्या पाळीवाल्याला. काका कधीही फोन उचलतात म्हणून त्यांनाच लावायचा नाही, हेही लिहा. नाहीतर एक माणूस थकतो आणि बाकीचे शिकत नाहीत.

संदेशाला उत्तर कधीपर्यंत यावं हे ठरवा, आणि उत्तर न आल्याचा अर्थ काय तेही. आपल्याकडे मौनाला संमती मानायची जुनी सवय आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती घातक ठरते. संदेश वाचला म्हणजे पटला असं होत नाही. कित्येकदा तो नीट वाचलेलाही नसतो. कलम असं: ‘ज्याला उत्तर हवं आहे त्यानं नाव घेऊन विचारावं. उत्तर दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत द्यावं. उत्तर नाही आलं तर तो होकार नाही. विचारणाऱ्यानं फोन करावा.’

आवाजी संदेशांवर बंदी घालू नका. ज्येष्ठ मंडळींना टाइप करायचा त्रास होतो आणि बोलून ती नेमकं सांगतात. फक्त रक्कम, तारीख, पत्ता आणि फोन नंबर टाइप करून पाठवायचे, कारण चार मिनिटांच्या आवाजात पत्ता शोधता येत नाही. निर्णय मात्र ग्रुपवर राहू देऊ नका, ते सकाळच्या नमस्कारांखाली गाडले जातात. केंद्रातच एक निर्णयवही ठेवा: तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, पुन्हा कधी बघायचं. करारनामा ग्रुपवर पिन करून भागत नाही, तिथे संदेश जास्तीत जास्त ३० दिवस पिन राहतो. छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

भाषेचं एक कलम इंदूरमध्ये विसरू नये. आठांपैकी सात जण मराठी असले की बैठक आपोआप मराठीत सरकते, आणि टेम्पो चालवणारा सहकारी निर्णय झाल्यावर ‘क्या तय हुआ?’ असं विचारतो. त्यानं विचारलं तर ठीक. अनेकदा विचारत नाही. ‘चर्चा कोणत्याही भाषेत, पण निर्णय वहीत लिहिण्याआधी हिंदीत एकदा सांगायचा आणि सगळ्यांना समजला का ते विचारायचं’ एवढं पुरतं. आपल्या माणसांत मराठी बोलायचा आनंद त्यानं कमी होत नाही.

निर्णय: इथे वेळ द्या

सगळे निर्णय सगळ्यांनी घ्यायचे म्हटलं तर दारात उभ्या असलेल्या माणसाला रविवारपर्यंत थांबावं लागेल. सगळे एकानं घ्यायचे म्हटलं तर बाकीचे सात हमाल होतील. म्हणून आधी यादी करा. मागच्या सहा महिन्यांची नोंदवही उघडा आणि खरोखर घेतलेले निर्णय लिहून काढा: अनामत माफ केली, चाक बदललं, मुदत वाढवली, देणगीत आलेली जुनी कॉट नाकारली, नवा एअर बेड घेतला. पंधरा-वीस निघतील. कल्पनेतल्या निर्णयांवर वेळ घालवू नका.

मग प्रत्येक निर्णय चारांपैकी एका खान्यात टाका. पहिला खाना: एकानं ठरवायचं आणि नंतर कळवायचं. दुसरा: एकानंच ठरवायचं, पण आधी ठरावीक माणसाला विचारून. तिसरा: सगळ्यांनी मिळून. चौथा: तो निर्णय आपला नाहीच. चौथ्या खान्याकडे दुर्लक्ष होतं, पण त्यानं मोठे वाद टळतात. रुग्णाला ऑक्सिजन किती आणि किती वेळ द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील, केंद्र चिठ्ठीशिवाय कॉन्सन्ट्रेटर देणार नाही. इथे मतदान नाही आणि ओळखीचा माणूस म्हणून अपवाद नाही.

आपल्या उदाहरणात वाटणी अशी झाली. दोन हजार रुपयांपर्यंतची दुरुस्ती भांडारकाका स्वतः ठरवतील. दहा हजारांपर्यंत ताईंना विचारून. त्यावर सगळ्यांची बैठक, आणि पंचवीस हजारांच्या वर मंडळाची कार्यकारिणी. अनामतीवर बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, अनामत सोडली की वस्तू परत येत नाही. ती मुलगी म्हणाली, खरगोनहून एम. वाय. हॉस्पिटलला आलेल्या माणसाकडे पाच हजार रोख कुठून असणार? दोघांचंही खरं होतं. शेवटी ठरलं की पाळीवर बसलेल्यानं निम्म्यापर्यंत अनामत एकट्यानं सोडावी, पूर्ण सोडायची तर दुसऱ्या एका कार्यकर्त्याला फोनवर विचारावं, आणि दोन्ही वेळा इंदूरमधल्या एखाद्या नातेवाइकाचा किंवा ओळखीच्याचा नंबर लिहून घ्यावा.

दुसऱ्या खान्यात ‘विचारून’ म्हणजे परवानगी घेऊन नव्हे, हे स्पष्ट लिहा. ताई म्हणाल्या ‘मला नाही पटत’ तरी सात हजारांच्या दुरुस्तीचा निर्णय काकांचाच राहतो. मात्र ताईंचं म्हणणं ऐकून का बाजूला ठेवलं, हे काकांनी त्यांना सांगायचं. ही ओळ नसेल तर विचारणाऱ्याला वाटतं मी फक्त सल्ला मागितला, आणि सल्ला देणाऱ्याला वाटतं मी नाही म्हटलं होतं.

तिसऱ्या खान्यासाठी बहुमतही नको आणि एकमतही नको, असं माझं ठाम मत आहे. आठ माणसांत पाच विरुद्ध तीन झालं की ते तिघं काम करताना हात राखतात. एकमताची वाट बघितली तर सर्वांत चिवट माणूस जिंकतो. यांच्या मधला मार्ग नेदरलँड्समधले अभियंते खेरार्ड एंडेनबर्ग यांनी १९७० च्या दशकात आपल्या विद्युत अभियांत्रिकीच्या कंपनीत रुजवला. त्यात ‘तुला हे आवडलं का?’ असं विचारत नाहीत. ‘याला तुझी सकारण हरकत आहे का?’ असं विचारतात. हरकत नसेल तर निर्णय झाला, मग तो प्रत्येकाच्या पहिल्या पसंतीचा नसला तरी.

बैठकीत ते असं चालतं. प्रस्ताव एका-दोन वाक्यांत लिहून वाचायचा. आधी फक्त शंका विचारायच्या, मत नाही. मग एकेकानं क्रमानं मत सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. इथे आपल्या टीमसाठी मोठा फरक पाडणारा एक नियम आहे: सुरुवात सर्वांत लहानापासून, ज्येष्ठ आणि समन्वयक शेवटी. काका आधी बोलले की पुढचे सहा जण ‘काका म्हणतात ते बरोबर’ असंच म्हणतात, आणि त्यात काकांची काहीच चूक नसते. मतांनंतर हरकतींची फेरी. हरकत आली तर ती घेणाऱ्याला विचारायचं: हे केलं तर आपल्या कामाचं किंवा रुग्णाचं काय नुकसान होईल? उत्तरात नुकसान असेल तर ती हरकत, आणि प्रस्ताव तिच्यासकट दुरुस्त करायचा. ‘मी असतो तर वेगळं केलं असतं’ असं उत्तर आलं तर ती पसंती. ती वहीत लिहायची, पण तिनं निर्णय थांबत नाही.

सोबत तीन किरकोळ पण आवश्यक आकडे लिहा. किमान किती जण हवेत: आठांपैकी पाच. गैरहजर असलेल्याला हरकत घ्यायला किती वेळ: निर्णय कळवल्यापासून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत. दोन बैठकांत हरकत सुटली नाही तर ठरवणार कोण: समन्वयक, आणि तो निर्णय जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरता. मुदत ठरलेली असली की लोक मान्य करायला फारसे कचरत नाहीत.

मतभेद

कामाबद्दलचा मतभेद आणि माणसाबद्दलची नाराजी यांत फरक आहे, हे कॅरेन जेन या संशोधिकेनं १९९५ मध्ये गटांच्या अभ्यासातून मांडलं. कामाच्या मतभेदातून, तो मर्यादेत राहिला तर, काही कामांत फायदाही होतो. नाराजीनं मात्र नुकसानच होतं. अवघड एवढंच की पहिला दुसऱ्यात लवकर बदलतो. ‘मुदत तीन महिने हवी’ हे वाक्य दोन दिवसांत ‘तुम्हाला माणसाची कदरच नाही’ असं होतं. करारनाम्यातल्या पायऱ्या त्या दोन दिवसांसाठी असतात.

पहिली पायरी: ज्याच्याशी मतभेद त्याच्याशीच, तीन दिवसांच्या आत, प्रत्यक्ष किंवा फोनवर. तिसऱ्याकडे आधी बोलायचं नाही. दुसरी: सुटलं नाही तर दोघांनी मिळून निवडलेला तिसरा माणूस सोबत बसेल. तो न्याय देणार नाही, दोघांचं म्हणणं एकेका वाक्यात लिहून दोघांना दाखवेल. तिसरी: बैठकीत वीस मिनिटं, आणि मग तो निर्णय ज्या खान्यातला असेल त्याप्रमाणे. ठरल्यानंतर सगळे त्याप्रमाणे वागतील. ज्याला पटलं नाही त्याचं मत त्याच्याच शब्दांत वहीत लिहिलं जाईल. हा शेवटचा हक्क फार उपयोगी आहे. आपलं म्हणणं कागदावर आहे हे दिसलं की माणूस ते दहा ठिकाणी सांगत फिरत नाही.

वयाचं अंतर असेल तर पहिली पायरीच चढता येत नाही. त्यासाठी एक ठरावीक वाक्य सगळ्यांनी मिळून निवडा, जे उच्चारलं तर उद्धटपणा मानायचा नाही असं सर्वांना मान्य असेल. आपल्या टीमनं निवडलं: ‘मला इथे अडचण दिसतेय, दोन मिनिटं बोलू का?’ समोरच्यानं त्या दिवसात दोन मिनिटं द्यायची. ज्येष्ठांनी हे कलम स्वतः वाचून दाखवलं तर त्याला वजन येतं. तरीही ज्याला समोरासमोर जमणार नाही, त्याला थेट दुसऱ्या पायरीवर जायची मुभा ठेवा.

काही गोष्टींना या पायऱ्या लावायच्याच नाहीत. पैशांची अफरातफर थेट कार्यकारिणीकडे जाते. लैंगिक छळाच्या तक्रारीत ‘आधी त्याच्याशी बोलून बघ’ असं म्हणणं हाच अन्याय आहे. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे आणि विनामूल्य काम करणाऱ्या महिलेलाही तो लागू होतो. कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असल्यानं अंतर्गत समिती नसेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही ओळ करारनाम्यात ठळक असावी.

पाचवा महिना उलटलेली कॉट

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका प्रसंगावरून पाहू. अन्नपूर्णा भागातल्या एका घरात पक्षाघाताच्या रुग्णासाठी फाउलर कॉट दिली आहे. मुदत तीन महिने, पण पाचवा महिना चालू आहे. सहाही कॉट बाहेर आहेत, दोन नावं प्रतीक्षेत आहेत, आणि त्यांतल्या एका आजींना खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर शनिवारी घरी सोडणार आहेत. त्या मुलीनं अन्नपूर्णाच्या घराला तोंडी मुदत वाढवून दिली होती. काकांनी मंगळवारी रात्री दहाला ग्रुपवर लिहिलं: ‘उद्या टेम्पो पाठवतो. नियम सगळ्यांना सारखा.’ तिनं उत्तर दिलं: ‘पेशंटला जमिनीवर झोपवायचं का?’

समन्वयकानं एवढंच लिहिलं: ‘हे ग्रुपवर नाही, उद्या फोनवर.’ हे वाक्य करारनाम्यात आधीच असल्यामुळे ते कुणाला झोंबलं नाही. बुधवारी दोघं फोनवर बोलले, जमलं नाही, म्हणून संध्याकाळी ताई तिसऱ्या म्हणून बसल्या. त्यांनी लिहिलं ते असं: काकांची काळजी, मुदत पाळली नाही तर शनिवारच्या आजींना शब्द देता येत नाही. मुलीची काळजी, पर्यायाशिवाय कॉट उचलली तर रुग्णाला जखमा होतील. दोघांनी आपापलं वाक्य वाचून मान्य केलं. मग ताईंनी विचारलं, ‘त्या घरी शेवटचं कोण गेलं होतं?’ दोन महिन्यांत कुणीच गेलं नव्हतं. दोघंही माहितीशिवाय भांडत होते. मतभेद सोडवताना हा प्रश्न आधी विचारावा, असं मी सगळ्यांना सांगत असते.

गुरुवारी कॉट ज्यानं दिली नव्हती असा एक कार्यकर्ता घरी गेला. रुग्ण आता आधारानं बसत होता. घरच्या पलंगावर एअर बेड आणि बॅकरेस्ट चालेल असं त्यांच्या फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, पण घरच्यांना सवय करायला आठवडा हवा होता. म्हणजे शनिवार गाठता येणार नव्हता. मग काकांनीच मार्ग काढला: आजींसाठी आठ दिवस दुकानातून भाड्यानं कॉट आणायची, खर्च केंद्राचा. हा खर्च दुरुस्तीच्या खान्यात बसत नव्हता, यादीत नव्हताच. समन्वयकानं दोघांना विचारून तेवढ्यापुरता होकार दिला आणि वहीत लिहिलं: ‘यादीत नवा निर्णय घालायचा: तात्पुरतं भाडं.’

पुढच्या बैठकीत नियम दुरुस्त झाला. तीन महिन्यांनंतर एक महिन्याची वाढ, जास्तीत जास्त दोनदा. प्रत्येक वाढीआधी घरी भेट. पर्याय पोहोचल्याशिवाय कॉट उचलायची नाही. ताईंनी हरकत घेतली: भेटींना माणूस आणि पेट्रोल कुठून आणणार? त्यात नुकसान दिसत होतं, म्हणून प्रस्ताव बदलला: आधी व्हिडिओ कॉल, शंका वाटली तरच भेट. काकांनी आपलं मत वहीत लिहिलं: ‘दोन वाढी जास्त होतात, एकच हवी.’ पुन्हा बघायची तारीख तीन महिन्यांनंतरची.

कागद चालतोय का, हे कसं ओळखावं

सह्या करण्याआधी मसुद्याची परीक्षा घ्या. चिठ्ठ्यांमधले दोन जुने प्रसंग उचला आणि फक्त कागद वाचून उत्तर निघतं का बघा. कागद गप्प असेल तर कलम अपुरं आहे. त्याच वेळी पाळ्यांचं वेळापत्रकही बनवा. एमबीएच्या विद्यार्थ्यांच्या ३२ गटांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा करारनामा आणि कामाची आखणी असं दोन्ही चांगलं होतं त्यांची कामगिरी सर्वाधिक टिकली होती. एकटा करारनामा कॉट पोहोचवत नाही.

महिनाभर प्रयोग म्हणून वापरा, मग सह्या. त्यानंतर काही खुणांवर लक्ष ठेवा. निर्णयवही तीन आठवडे कोरी असेल, तर निर्णय थांबलेले नाहीत, ते पुन्हा फोनवर एकेकट्यानं होऊ लागले आहेत. प्रत्येक प्रस्तावाला पहिल्याच फेरीत आठही जण ‘काही हरकत नाही’ म्हणत असतील, तर समन्वयकानं बैठकीबाहेर तो तिसरा प्रश्न पुन्हा विचारावा: कधी गप्प बसलात? एकाच कलमाला तीनदा अपवाद करावा लागला तर माणसांना रागावू नका, कलम बदला. आणि कुणी करारनाम्यातलं वाक्य दुसऱ्याला गप्प करायला वापरू लागलं, ‘कलम वाच आधी’ अशा सुरात, तर ते वाक्य पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा लिहा.

तीन महिन्यांनी पहिली उजळणी, नंतर वर्षातून एकदा. नवीन माणूस आला की मात्र उजळणीची वाट बघू नका. त्याला कागद हातात देऊन सही घेण्याऐवजी काकांनी किंवा ताईंनी त्याच्यासोबत बसून एकेक कलम कोणत्या प्रसंगातून आलं ते सांगावं, आणि पंधरा दिवसांनी त्याला विचारावं की यातलं काय त्याला प्रत्यक्षात दिसलं नाही. नवख्याला दिसलेली तफावत जुन्यांना दिसत नाही. त्याचं उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घ्या.